वायफायच्या क्यूआरमागची ओळ

हॉटेलच्या काउंटरवर, दवाखान्याच्या प्रतीक्षा कक्षात, वाचनालयाच्या दारावर आता काळ्या-पांढऱ्या चौकोनाचा कागद चिकटवलेला असतो. फोनचा कॅमेरा त्याच्यासमोर धरला की फोन विचारतो, ‘या नेटवर्कला जोडू का?’ आपण हो म्हणतो आणि वायफाय सुरू होतं. पासवर्ड विचारावा लागत नाही, कोणी सांगावा लागत नाही. बहुतेकांना वाटतं की त्या चौकोनात काहीतरी गुप्त, फक्त यंत्रालाच कळणारं असं दडवलेलं असतं. तसं काही नसतं. त्या चौकोनात साध्या मजकुराची एकच ओळ असते. ती ओळ कुणालाही नोटपॅडमध्ये हाताने लिहिता येते, आणि ती लिहायला शिकावं असं मला मनापासून वाटतं.

त्याचं एक कारण सुरक्षिततेचं आहे. क्यूआर बनवून देणाऱ्या वेबसाइटवर आपण नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड भरतो, म्हणजे आपल्या घराच्या वायफायची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देतो. दुसरं कारण असं की, पासवर्डमध्ये काही ठरावीक चिन्हं असली आणि बनवणाऱ्याने काळजी घेतली नसली तर कोड दिसायला अगदी ठीक असतो, स्कॅनही होतो, पण वायफाय काही जोडलं जात नाही. मग माणसं राउटरला दोष देतात, फोनला दोष देतात. चूक त्या ओळीत असते आणि ओळ वाचता आली तर ती दोन मिनिटांत सापडते.

समजा एका वाचनालयाचं नेटवर्क आहे, नाव `Vachanalay` आणि पासवर्ड `kairimith23`. त्याची ओळ अशी होईल:

```
WIFI:T:WPA;S:Vachanalay;P:kairimith23;;
```

सुरुवातीचं `WIFI:` फोनला सांगतं की पुढे येणारा मजकूर पत्ता नाही, फोन नंबर नाही, वायफायची माहिती आहे. त्यानंतर एकेक रकाना येतो. `T` म्हणजे सुरक्षेचा प्रकार, `S` म्हणजे नेटवर्कचं नाव, `P` म्हणजे पासवर्ड. प्रत्येक रकान्यात आधी अक्षर, मग कोलन, मग मजकूर आणि शेवटी अर्धविराम. सगळं संपलं हे सांगायला अखेरीस आणखी एक अर्धविराम, म्हणून शेवटी ते दोन दिसतात. रकान्यांचा क्रम बदलला तरी सहसा बिघडत नाही, पण वर दिला आहे तोच क्रम ठेवावा.

ही पद्धत आली कुठून, हे माहीत असलं की तिच्यातल्या खोडी समजतात. क्यूआर कोड 1994 साली जपानमध्ये डेन्सो वेव्हने मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी आणला. पुढे जपानच्याच एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीने नाव-पत्ता-फोन नंबर क्यूआरमध्ये भरण्यासाठी ‘मीकार्ड’ नावाची आटोपशीर मांडणी केली. तिच्यात असेच अक्षर, कोलन, अर्धविराम होते. बारकोड वाचणाऱ्या ‘झेब्रा क्रॉसिंग’ या मुक्त प्रकल्पाने, ज्याला सगळे `ZXing` म्हणून ओळखतात, त्याच धर्तीवर वायफायची ओळ लिहून ठेवली. ती कुठल्या समितीने ठरवून दिलेली नव्हती. वापरात आली आणि रुळली. आयफोनचा कॅमेरा 2017 सालच्या आयओएस 11 पासून ती ओळखतो, आणि 2019 सालच्या अँड्रॉइड 10 पासून अँड्रॉइडच्या सेटिंगमध्येच असा कोड दाखवण्याची आणि वाचण्याची सोय आली.

`T` च्या रकान्यात घरगुती राउटरसाठी `WPA` लिहायचं. राउटरच्या सेटिंगमध्ये `WPA2` दिसत असलं तरी इथे `WPA` च लिहावं, कारण तोच शब्द सगळे फोन ओळखतात. पासवर्ड नसलेल्या खुल्या नेटवर्कसाठी `nopass` लिहून `P` चा रकाना गाळून टाकायचा. राउटरवर नेटवर्कचं नाव लपवलेलं असेल तर `H:true;` एवढा रकाना वाढवायचा. घरासाठी, दुकानासाठी याहून जास्त काही लागत नाही.

आता खरी गंमत. वरचा पासवर्ड सरळ होता, नुसती अक्षरं आणि आकडे. पण समजा वाचनालयाच्या चिटणिसांनी पासवर्ड मजबूत करायचा म्हणून तो असा ठेवला:

```
Kairi;mith:2\3
```

चौदा अक्षरं. मध्ये एक अर्धविराम, एक कोलन आणि एक बॅकस्लॅश. हा पासवर्ड आहे तसा ओळीत घातला तर काय होईल?

```
WIFI:T:WPA;S:Vachanalay;P:Kairi;mith:2\3;;
```

फोन ही ओळ डावीकडून उजवीकडे एकेक अक्षर वाचत जातो. `P:` दिसलं, म्हणजे पासवर्ड सुरू झाला. `Kairi` वाचलं. पुढे अर्धविराम आला. फोनच्या लेखी अर्धविरामाचा अर्थ एकच: रकाना संपला. तेव्हा पासवर्ड `Kairi` एवढाच धरला जातो. उरलेलं `mith:2\3` हा त्याला न कळणारा कुठला तरी रकाना वाटतो आणि तो ते सोडून देतो. वायफायचा पासवर्ड किमान 8 आणि जास्तीत जास्त 63 अक्षरांचा असावा लागतो. `Kairi` पाचच अक्षरांचा, त्यामुळे इथे फोन नेटवर्क घ्यायलाच नकार देईल. त्याहून त्रासदायक प्रकार म्हणजे अर्धविरामाच्या आधी आठ-दहा अक्षरं असणं. मग फोन तो तुटका पासवर्ड खरा समजून राउटरकडे नेतो आणि ‘पासवर्ड चुकीचा’ असं सांगतो. कागदावरचा पासवर्ड हाताने टाकला तर मात्र जोडणी होते. हे लक्षण दिसलं, हाताने जमतंय आणि स्कॅन करून जमत नाही, की ओळीतलं चिन्ह निसटलंय असं खुशाल समजावं.

यावर उपाय असा की, जे चिन्ह खूण म्हणून वाचलं जाऊ नये, त्याच्या आधी एक बॅकस्लॅश `\` ठेवायचा. फोनला तो सांगतो की पुढचं चिन्ह हे पासवर्डातलंच एक अक्षर आहे, तेवढं उचल आणि पुढे जा. वाचून झाल्यावर फोन तो बॅकस्लॅश स्वतःच काढून टाकतो. आणि बॅकस्लॅशला असं काम दिल्यामुळे पासवर्डात खरोखरचा बॅकस्लॅश असेल तर त्याच्याही आधी एक बॅकस्लॅश लागतो, म्हणजे तो दोनदा लिहायचा.

हे पाच चिन्हांना लागू आहे: बॅकस्लॅश `\`, अर्धविराम `;`, स्वल्पविराम `,`, कोलन `:` आणि दुहेरी अवतरणचिन्ह `"`. आपला पासवर्ड त्याप्रमाणे असा होतो:

```
Kairi\;mith\:2\\3
```

चौदा अक्षरांचा पासवर्ड, तीन खास चिन्हं, म्हणून सतरा अक्षरं. ही बेरीज प्रत्येक वेळी करावी. मूळ लांबी अधिक खास चिन्हांची संख्या एवढी अक्षरं आली नाहीत तर कुठेतरी एक बॅकस्लॅश राहिला आहे किंवा जास्त पडला आहे. पूर्ण ओळ:

```
WIFI:T:WPA;S:Vachanalay;P:Kairi\;mith\:2\\3;;
```

बाकीच्या चिन्हांना हात लावायचा नाही. `@`, `#`, `$`, `%`, `&`, `!`, `*` ही सगळी आहेत तशी लिहायची. उजवीकडे झुकणारा साधा स्लॅश `/` सुद्धा तसाच. बॅकस्लॅश आणि स्लॅश यांत गल्लत फार होते. बॅकस्लॅशचं वरचं टोक डावीकडे झुकलेलं असतं आणि बहुतेक कीबोर्डवर तो एंटरच्या आसपास सापडतो.

अर्धविरामाचं आणि बॅकस्लॅशचं कारण लगेच पटतं. पण कोलनला बॅकस्लॅश कशाला, तो तर रकाना संपवत नाही, असा प्रश्न विचारी वाचकाला पडेल. नेटवर्कचं नाव `CAMP:Pune` आहे असं धरा. ओळ झाली:

```
WIFI:T:WPA;S:CAMP:Pune;P:Kairi\;mith\:2\\3;;
```

क्यूआर वाचणारी काही अ‍ॅप्स पासवर्ड शोधताना ओळीत `P:` ही जोडी पहिल्यांदा जिथे दिसेल तिथे थांबतात. इथे ती कॅम्पच्या शेवटी दिसते. झालं, पासवर्ड ठरला `Pune`. नाव `CAMP\:Pune` असं लिहिलं की `P` आणि कोलन यांच्यामध्ये बॅकस्लॅश येतो, जोडी तुटते आणि अ‍ॅपची दिशाभूल होत नाही. यातून आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायची: हा नियम नुसत्या पासवर्डाला नाही, नेटवर्कच्या नावालाही आहे.

एक जागा अशी आहे जिथे जाणकारही फसतो. पासवर्डाच्या अगदी शेवटी बॅकस्लॅश असला तर काय? पासवर्ड `Kairi2024\` असा आहे आणि तो तसाच घातला:

```
WIFI:T:WPA;S:Vachanalay;P:Kairi2024\;;
```

फोन वाचत वाचत बॅकस्लॅशपाशी येतो. पुढचं चिन्ह अक्षर समजायचं, हा नियम. पुढे अर्धविराम आहे, तो त्याने अक्षर म्हणून घेतला. मग दुसरा अर्धविराम आला आणि रकाना संपला. पासवर्ड झाला `Kairi2024;`. दहाच अक्षरं, लांबी मूळएवढीच, पण शेवटचं चिन्ह बदललेलं. नुसत्या नजरेला हे दिसत नाही. बरोबर लिहिलं तर शेवट `Kairi2024\\;;` असा हवा. अर्धविरामाच्या आधी लागोपाठ किती बॅकस्लॅश आहेत ते मोजावं. संख्या सम असेल तर तो अर्धविराम रकाना संपवतो, विषम असेल तर तो मजकुराचा भाग आहे. शून्यही समच. एवढं लक्षात ठेवलं तर कितीही गुंतागुंतीची ओळ वाचता येते.

ज्यांना हे काम एडिटरमधल्या ‘शोधा आणि बदला’ या सोयीने करायचं असेल त्यांनी बॅकस्लॅश सर्वांत आधी बदलायचा. क्रम उलटा झाला तर घोटाळा होतो. आधी अर्धविराम बदलून `\;` केला, मग कोलन बदलून `\:` केला, आणि शेवटी सगळे बॅकस्लॅश दुप्पट केले, तर आपण स्वतः घातलेले बॅकस्लॅशही दुप्पट होतात:

```
Kairi\\;mith\\:2\\3
```

आता अर्धविरामाच्या आधी दोन बॅकस्लॅश आहेत, संख्या सम, म्हणजे तो रकाना संपवणार. फोनला मिळतो `Kairi\`, सहा अक्षरं. आधी बॅकस्लॅश, मग उरलेली चार चिन्हं कुठल्याही क्रमाने, हाच क्रम पक्का धरावा. आणि शोधा-बदला वापरायचं ते फक्त नावावर आणि पासवर्डावर, जुळवलेल्या पूर्ण ओळीवर नाही. नाहीतर रकाने पाडणारे अर्धविरामही त्यात सापडतात.

आपल्या लोकांना छळणारी एक अडचण कीबोर्डची आहे. मराठी कीबोर्ड चालू असताना टाइप केलं तर कोलनच्या जागी विसर्ग येऊ शकतो. `:` आणि `ः` डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे वर्ण आहेत. `WIFI` नंतर विसर्ग पडला तर फोनला ही वायफायची ओळ आहे हेच कळत नाही आणि तो ती नुसता मजकूर म्हणून दाखवतो. देवनागरी २ आणि इंग्रजी 2 यांचंही तेच. वायफायच्या पासवर्डात इंग्रजी कीबोर्डवरची साधी अक्षरं, आकडे आणि चिन्हंच चालतात, देवनागरी आकडा चालत नाही. दुसरी खोडी वर्डसारख्या प्रोग्रॅमची. तो सरळ अवतरणचिन्हं `"` आपोआप वळणदार `“ ”` करून टाकतो. म्हणून ही ओळ नोटपॅडमध्येच लिहावी, इंग्रजी कीबोर्ड निवडून. रकान्यांच्या मध्ये शोभेसाठी स्पेस देऊ नये. `S: Vachanalay` असं लिहिलं तर नावाच्या आधीची ती मोकळी जागाही नावाचा भाग ठरू शकते. उलट नावातच स्पेस असेल, `Vachanalay Hall` असं, तर ती तशीच ठेवायची, तिला बॅकस्लॅश लागत नाही.

नेटवर्कचं नाव मात्र मराठीत ठेवता येतं. त्याची मर्यादा 32 बाइटची आहे आणि देवनागरीतला प्रत्येक वर्ण, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेतो. ‘वाचनालय’मध्ये काने धरून सात वर्ण, म्हणजे 21 बाइट, बसतं. ‘सार्वजनिक वाचनालय’ 49 बाइटचं होतं, ते राउटर घेणारच नाही. मराठी नाव ठेवलं तर कोड दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर तपासून घ्यावा, कारण इंग्रजीबाहेरची लिपी सगळी अ‍ॅप्स सारख्या भरवशाने वाचत नाहीत.

अवतरणचिन्हांविषयी एक सल्ला ऐकायला मिळतो. पासवर्ड 0 ते 9 आणि A ते F एवढ्याच वर्णांचा असेल, जसं `12345678`, तर फोन त्याला वेगळ्या प्रकारचा आकडा समजू नये म्हणून तो दुहेरी अवतरणात घालावा, असं मूळ मांडणीत लिहिलेलं आहे. घरगुती नेटवर्कसाठी मी ते करत नाही. असा गोंधळ व्हायला पासवर्ड नेमका 64 वर्णांचा असावा लागतो, कारण राउटरची कच्ची किल्ली तेवढी लांब असते. आठ-दहा वर्णांच्या पासवर्डाला तो धोका नाही. अवतरणं घातली तर मात्र एखादं अ‍ॅप ती पासवर्डाचाच भाग समजू शकतं.

ओळ तयार झाली की तिचा चौकोन करायचा, तोही इंटरनेटवर न जाता. लिबरऑफिस रायटरमध्ये ही सोय आहे: `Insert` मेन्यूतल्या `OLE Object` खाली `QR and Barcode` मिळतं, त्याच्या रकान्यात ओळ चिकटवली की कोड पानावर उमटतो. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी `qrencode` आहे:

```
qrencode -o wifi.png 'WIFI:T:WPA;S:Vachanalay;P:Kairi\;mith\:2\\3;;'
```

इथे ओळीभोवती एकेरी अवतरणचिन्हं आहेत ती मुद्दाम. दुहेरी घातली तर कमांड वाचणारा शेल ओळीतला `\\` हा एकच `\` करून पुढे पाठवतो. `$` असला तर त्याचाही स्वतःचा अर्थ लावतो. इतकी मेहनत करून घातलेले बॅकस्लॅश कोडपर्यंत पोचतच नाहीत. पासवर्डातच एकेरी अवतरणचिन्ह असेल तर ओळ फाइलमध्ये लिहून ती फाइल `-r` या पर्यायाने द्यावी.

छपाईला देण्याआधी तपासणी दोन टप्प्यांत करावी. आधी असा स्कॅनर वापरायचा जो कच्चा मजकूर दाखवतो. लिनक्सवर `zbarimg --raw wifi.png` हे काम करतं. दिसलेली ओळ आणि आपण लिहिलेली ओळ अक्षराला अक्षर जुळली पाहिजे. मग प्रत्यक्ष जोडून बघायचं, पण त्या नेटवर्कला कधीच न जोडलेल्या फोनवरून. आपल्या रोजच्या फोनमध्ये पासवर्ड आधीपासून साठवलेला असतो, त्यामुळे कोड चुकीचा असला तरी फोन जोडलेलाच दिसतो आणि आपली खात्री पटते ती खोटी. दुसरा फोन नसेल तर आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये ते नेटवर्क विसरायला सांगून मग स्कॅन करावं. शक्य असेल तर एक अँड्रॉइड आणि एक आयफोन, दोन्हींवर बघावं. छापताना चौकोनाभोवती चारही बाजूंना, आतल्या चार बारीक चौकटींएवढी पांढरी जागा सोडावी. ती कापली गेली तर कॅमेऱ्याला कोड कुठे सुरू होतो ते सापडत नाही.

ही ओळ कुठल्याही कुलपात नसते, हे मात्र नीट समजून घ्यावं. दारावरच्या कागदाचा कुणी फोटो काढला, तो घरी नेऊन वाचला, तर पासवर्ड त्याच्यासमोर उघडा पडतो. म्हणून भिंतीवर लावायचा कोड पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कचाच असावा, ज्यावरून ऑफिसचे किंवा घरचे संगणक दिसत नाहीत.

नवा पासवर्ड ठरवायची मुभा असेल तर ती पाच चिन्हं टाळा आणि त्याऐवजी लांबी वाढवा. वीस अक्षरांचा साधा पासवर्ड हा दहा अक्षरांच्या चिन्हांनी भरलेल्या पासवर्डाइतकाच उपयोगी पडतो आणि कुठल्याही कोडमध्ये बिनचूक बसतो. पण पासवर्ड आधीच पंधरा-वीस यंत्रांवर टाकून झालेला असेल तर तो बदलत बसू नका, बॅकस्लॅश मोजून नीट लिहा. आणि पासवर्ड कधी बदललाच तर जुना कागद त्याच दिवशी काढून नवा लावा. छापलेल्या कोडला राउटरमधला बदल कळत नाही.